एकतिसाव्या कलमाची किंमत

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो मूर्खांचा नाही. खेळाडूचं कमावतं आयुष्य फार तर दहा-बारा वर्षांचं असतं आणि वेगवान गोलंदाज असेल तर त्याहूनही थोडं. पाठीच्या मणक्याला एकदा चीर गेली की दोन मोसम गेले, दुसऱ्यांदा गेली की कारकीर्दच गेली. डॉक्टर किंवा वकील चाळिशीनंतर कमावू लागतो, खेळाडू चाळिशीत जुने फोटो दाखवत बसतो. म्हणून पहिला करार समोर आला की जास्तीत जास्त आकडा मागायचा, हाती येईल तेवढं आजच घ्यायचं आणि उद्याचं उद्या बघायचं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कोणत्याही पालकाला विचारा, तो हेच सांगेल. "पोराचे गुडघे किती वर्षं टिकणार? देतायत तर घेऊन टाका." त्याच्या शेजारी बसलेला प्रशिक्षक मान डोलावतो आणि एजंटही डोलावतो. एजंटची मान जरा जास्तच जोरात डोलते, याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

माझं म्हणणं असं, की या मतातलं निदान बरोबर आहे आणि उपचार चुकीचा. कारकीर्द छोटी असते, हे खरंच. पण म्हणूनच तिच्यातली वर्षं ही खेळाडूकडची सर्वांत महाग वस्तू ठरते आणि पहिल्या करारात मोठ्या आकड्याच्या बदल्यात नेमकी तीच विकली जाते. पालक आकडा वाचतात, समोरची कंपनी मुदत वाचते.

हे समजून घ्यायला एक खटला फार उपयोगी आहे. तो वकिलांना पाठ असतो, पण क्रिकेटच्या गप्पांत क्वचित निघतो. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईत आला आणि सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबकडून क्रॉस मैदानावर खेळू लागला. पुढे तो बडोद्याकडून रणजी खेळला आणि ऑक्टोबर २०००च्या सुरुवातीला नैरोबीत भारताकडून पहिला सामना खेळला. त्याच महिन्याच्या अखेरीस, म्हणजे पदार्पणाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्याने परसेप्ट डी मार्क या कंपनीशी करार केला. जाहिराती, प्रायोजकत्व, नाव आणि चेहरा यांचा व्यवहार कंपनीने पाहायचा, मुदत तीन वर्षांची. बावीस वर्षांच्या नवख्या गोलंदाजासाठी तीन वर्षं ही काही जाचक मुदत नव्हे. कागदावर सगळं ठीक होतं.

पण त्या करारात ३१ (ब) हे कलम होतं. त्याचा मथितार्थ असा, की करार संपल्यावर झहीरला दुसऱ्या कुणाकडून प्रस्ताव आला, तर तो स्वीकारण्याआधी त्याच्या सगळ्या अटी लेखी स्वरूपात जुन्या कंपनीला कळवायच्या आणि तेवढ्याच अटींवर करार करण्याची संधी आधी तिला द्यायची. वाचताना हे कलम निरुपद्रवी वाटतं. बाहेरचा जेवढे देणार तेवढेच जुनी कंपनी देणार, मग खेळाडूचं गेलं काय?

त्याचं बरंच काही जातं आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते सावकाश पाहायला हवं. समजा, मी दुसरी कंपनी चालवतो आणि मला हा गोलंदाज हवा आहे. त्याला किती द्यावे हे ठरवायला मला माणसं लावावी लागतील, जाहिरातदारांना भेटावं लागेल, त्यांच्याकडून तोंडी का होईना शब्द घ्यावा लागेल. हा खर्च करून मी आकडा काढणार, आणि माझा कागद जुन्या कंपनीच्या टेबलावर जाणार. आकडा कमी असेल तर ती बरोबरी करून खेळाडू ठेवून घेणार. आकडा फाजील असेल तर ती हात जोडणार आणि तोट्याचा सौदा माझ्या गळ्यात पडणार. दोन्हीकडून नुकसान माझंच. दोन-तीनदा असं झालं की मी शहाणा होतो आणि अशा खेळाडूच्या वाटेलाच जात नाही. म्हणजे ज्या बाहेरच्या प्रस्तावाची बरोबरी करायची, तो प्रस्तावच येत नाही. बाजारभाव ठरायला बाजार भरावा लागतो, आणि हे कलम बाजार भरूच देत नाही. तीन वर्षांचा करार अशा रीतीने निमूटपणे सहा वर्षांचा होतो, नऊ वर्षांचा होतो.

२००३ साली झहीरची मुदत संपली तेव्हा त्याच्या नावाला वेगळंच वजन आलं होतं. त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले होते आणि भारत अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. त्याने करार वाढवायला नकार दिला आणि दुसऱ्यांशी बोलणी केली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एकल न्यायाधीशांनी मनाईहुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मार्च २००६मध्ये तिथेही कंपनी हरली.

न्यायालयाने जे म्हटलं, त्यातले दोन मुद्दे आपल्या कामाचे आहेत. भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या २७व्या कलमानुसार माणसाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. इंग्लंडमध्ये असा निर्बंध 'वाजवी' आहे का, हे तपासलं जातं. आपल्याकडे मुदत संपल्यानंतर लागू होणाऱ्या निर्बंधाला ती पळवाट नाही. ३१ (ब) नेमकं मुदतीनंतर जागं होणारं कलम होतं, म्हणून ते टिकलं नाही. दुसरा मुद्दा असा, की एजंट आणि खेळाडू यांचं नातं विश्वासाचं असतं. ज्याच्यावरचा विश्वास उडाला आहे, त्यालाच आपला एजंट नेम, असं न्यायालय कुणाला सांगणार नाही. कंपनीचं नुकसान झालं असेल तर तिने ते पैशांत मागावं, माणूस मागू नये.

इथे पूर्वपक्षाचा दुसरा अवतार पुढे येतो. तो म्हणतो, मग झालं तर! न्यायालयाने खेळाडूला सोडवलंच आहे. तेव्हा आज मोठा आकडा घ्या, कसलंही कलम असू द्या, उद्या २७वं कलम आहेच. थोडंसं कायद्याचं ज्ञान असलेल्या मंडळींत हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचं खंडन जरा तपशिलाने करतो.

पहिली गोष्ट, हा सगळा झगडा अंतरिम मनाईहुकुमाचा होता आणि तोही तीन पायऱ्या चढून गेला. २००३च्या अखेरीपासून २००६च्या मार्चपर्यंत एका खेळाडूची आयुष्यातली कमाईची वर्षं फोर्टच्या उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत फिरत राहिली. ज्याच्या पाठीशी नाव आणि वकील होते, त्याला हे परवडलं. लालबागच्या चाळीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घरी नोटीस आली, तर त्याचे वडील दुसऱ्या दिवशी जुन्याच कंपनीत जाऊन सही करून येतात. कलम कायद्याने मेलेलं असलं तरी नोटिशीच्या कागदावर ते जिवंत असतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २७वं कलम संरक्षण देतं ते मुदत संपल्यावर. मुदत चालू असताना 'दुसऱ्या कुणाशी व्यवहार करणार नाही' असं बंधन न्यायालयं सहसा मान्य करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला यांच्या वादात तसंच म्हटलं होतं. आता कंपनीचा वकील काय करेल? बरोबरीच्या हक्काचं कलम काढून टाकेल आणि मुदतच तीनाची आठ करेल. जे काम ३१ (ब) लपूनछपून करत होतं, ते आता पहिल्याच पानावर उघडपणे होईल, आणि त्याविरुद्ध न्यायालयात सांगायला फारसं काही उरणार नाही. म्हणजे या निकालामुळे मुदतीची काळजी मिटली नाही. सगळी काळजी मुदतीतच येऊन बसली.

आता आकड्यांकडे वळू, कारण पूर्वपक्षाची खरी ताकद तिथे आहे. खालचं उदाहरण काल्पनिक आहे, पण बोलणी साधारण याच वळणाने जातात. परळचा अठरा वर्षांचा एक डावरा वेगवान गोलंदाज आहे. वय मुद्दाम अठरा धरलं. त्याआधी केलेला करार अज्ञान व्यक्तीचा म्हणून मुळातच निरर्थक, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच मोहरी बीबीच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. सोळाव्या वर्षी घेतलेल्या सह्या अठराव्या वाढदिवसानंतर पुन्हा घेण्याची धावपळ चालते ती त्यामुळेच. आयपीएलचे पैसे लिलावात ठरतात, तिथे एजंटला घासाघीस करायला जवळपास जागाच नसते. म्हणून आपण बॅट, बूट, जाहिराती यांपुरतं बोलू.

मोठ्या कंपनीचा प्रस्ताव असा आहे. आठ वर्षांचे सगळे व्यापारी हक्क आमचे. त्याबद्दल ४० लाखांची हमी. त्यातले १० लाख सहीच्या दिवशी, उरलेले ३० लाख आठ वर्षांत समान हप्त्यांनी, म्हणजे वर्षाला पावणेचार लाख. एकूण कमाई ४० लाखांच्या वर गेली तर वरचं निम्मं-निम्मं. धाकट्या एजंटचा प्रस्ताव त्यापुढे भिकार दिसतो. मुदत तीन वर्षं, वर्षाला तीन लाखांची हमी, त्यावरच्या कमाईत २० टक्के दलाली आणि तीन वर्षांनी मुलगा मोकळा.

समजा, मुलगा चमकला. पहिली तीन वर्षं त्याच्या नावावर बाजारातून वर्षाला तीनच लाख आले, चौथ्या वर्षी तो भारताकडून खेळला आणि पुढची पाच वर्षं जाहिरातींतून वर्षाला ६० लाख आले. आठ वर्षांची एकूण कमाई ३ कोटी ९ लाख. मोठ्या कंपनीकडे त्याला हमीचे ४० लाख आणि वरच्या रकमेतले निम्मे, म्हणजे सारे मिळून १ कोटी साडेचौऱ्याहत्तर लाख मिळतात. धाकट्याकडे पहिल्या तीन वर्षांचे ९ लाख, आणि पुढे तो कुणाहीकडे २० टक्क्यांवर गेला तर २ कोटी ४० लाख, एकूण २ कोटी ४९ लाख. फरक साडेचौऱ्याहत्तर लाखांचा. सहीच्या दिवशी मिळालेल्या १० लाखांचं हे बिल आहे.

आता समजा, दुसऱ्या मोसमाअखेर पाठ गेली. आठ वर्षांच्या करारात बहुधा एक छोटं कलम असतं, की खेळाडू अमुक महिने प्रथम श्रेणीबाहेर राहिला तर कंपनी करार संपवू शकते. ते वापरलं गेलं तर मुलाच्या हातात आले साडेसतरा लाख. धाकट्याकडे दोन वर्षांचे ६ लाख. म्हणजे ४० लाखांच्या गाजलेल्या हमीतला खरा विमा साडेअकरा लाखांचा होता. बाकीची हमी मुलगा चमकला तरच मिळणारी होती, आणि चमकला तर तिची गरजच नव्हती.

इथे पूर्वपक्षाला त्याचं श्रेय द्यायला हवं. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर, व्याज न धरता, मुलगा भारताकडून खेळण्याची शक्यता साधारण सात-आठांत एक यापेक्षा कमी असेल, तर मोठा प्रस्तावच त्याच्या फायद्याचा. आणि शिवाजी पार्कवर नेटमध्ये रोज सकाळी घाम गाळणाऱ्या मुलांत ज्यांची शक्यता सातांत एक आहे, अशी कितीशी असतील? कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या, जगाच्या वर्तमानपत्रांत नाव आलं, आणि त्यानंतर मोठ्या क्रिकेटचा दरवाजा काही उघडला नाही. अशा मुलाच्या वडिलांना 'थांबा, वर्षं विकू नका' असं सांगणं ही चैन आहे.

मात्र या कबुलीतून पूर्वपक्ष सिद्ध होत नाही. हाच हिशेब कंपनीच्या बाजूने मांडून पाहा. मुलगा चमकला तर तिला एक कोटी साडेचौतीस लाख, फसला तर, दोन वर्षांत बाजारातून आलेले ६ लाख वजा जाता, तिचे साडेअकरा लाख बुडणार. तिला हा सौदा बारा-तेरा मुलांत एक चमकला तरी परवडतो आणि ती बारा-तेरा मुलं एकदम उचलू शकते. मुलाला आयुष्य एकच. तेव्हा फारशी आशा नसलेल्या मुलाकडे हा प्रस्ताव मुळात येतच नाही. ज्याची शक्यता कंपनीच्या माणसांना बरी वाटली, त्याच्याकडेच तो येतो, आणि जितकी बरी वाटली तितका सहीचा आकडा फुगतो. मोठा आकडा समोर आला की पालक म्हणतात, 'एवढे कोण देतो!' खरं तर त्यांनी विचारायला हवं, की याने एवढे देण्याआधी माझ्या मुलात काय पाहिलं?

राहता राहिला विम्याचा प्रश्न. गरज खरी आहे. घराचा हप्ता आहे, बहिणीचं शिक्षण आहे, गुडघ्याचा एमआरआय आहे. जुन्या मुंबईने यावर एक उत्तर काढलं होतं आणि ते आजच्या करारांपेक्षा शहाणं होतं, असं मला वाटतं. खेळाडूचा पहिला करार म्हणजे नोकरी. गावसकर निरलॉनमध्ये होते. टाटा, एसीसी, मफतलाल, स्टेट बँक यांचे संघ टाइम्स शील्डमध्ये एकमेकांशी भिडत. लालबाग-परळच्या मंडळांतले कबड्डीपटू एअर इंडिया, महिंद्र, मध्य रेल्वे, भारत पेट्रोलियममध्ये लागत. पगार बेताचा, पण दुखापत झाली तरी तो थांबत नसे आणि प्रॉव्हिडंट फंड साठत जाई. मुख्य म्हणजे त्या नोकरीच्या बदल्यात कुणी तुमच्या बॅटवरच्या जागेचा, चेहऱ्याचा, पुढच्या आठ वर्षांचा मालक होत नसे. विमा एका हाताने मिळे आणि नशिबाची बाजी दुसऱ्या हातात राही. आजचा मोठा करार या दोन गोष्टी एकाच कागदावर शिवून टाकतो, विमा देतो आणि त्याच शाईने बाजी काढून घेतो. त्या नोकऱ्या आता आटल्या, हे खरं. पण एजंटचं कौशल्य असेल तर ती शिवण उसवण्यात आहे.

सचिन तेंडुलकरचं उदाहरण इथे नेहमी उलटं दिलं जातं. १९९५ साली वर्ल्डटेलच्या मार्क मस्करेन्हसने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, वर्तमानपत्रांनी तीस कोटींच्या आसपासचा आकडा छापला, आणि तेव्हापासून 'लवकर मोठा आकडा घ्या' हा मंत्र झाला. पण तो पहिला करार नव्हता. सचिन बावीस वर्षांचा असला तरी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याला सहा वर्षं होत आली होती, त्याची किंमत बाजाराला ठाऊक होती, आणि मुदत पाचच वर्षांची होती. शिवाय त्या हमीचा उपयोग काय झाला ते पाहा. १९९६च्या विश्वचषकात ५२३ धावा काढणारी त्याची बॅट कोरी होती, तिच्यावर कुणाचाही स्टिकर नव्हता. तेव्हा सिगारेटच्या ब्रँडचे स्टिकर लावण्याचे प्रस्ताव होते आणि वडिलांना दिलेल्या शब्दामुळे ते नाकारले, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. एमआरएफ नंतर आलं. शब्द त्याचा होता, त्याचं श्रेय एजंटला नको. पण हमी हातात असलेल्या माणसाला बॅट कोरी ठेवणं सोपं जातं, एवढं अनुमान मी काढतो. लवकर आलेला पैसा नकार देण्याची ताकद विकत घेत असेल, तर तो जरूर घ्यावा. पहिल्याच सहीने पुढचे सगळे नकार कंपनीच्या हाती जात असतील, तर तोच पैसा महाग पडतो.

शेवटचा आक्षेप कंपन्यांचा आहे आणि तो रास्त आहे. आम्ही कुणी ओळखत नसताना पैसे घातले, तीन वर्षांनी हा दुसऱ्याचा हात धरून गेला, मग नवख्यांवर पैसे कोण लावेल? उत्तर असं, की गुंतवणुकीचा मोबदला मिळावा, पण तो कामाच्या मापाने मिळावा. कंपनीने मुदतीत आणलेल्या जाहिरातीचा करार पाच वर्षांचा असेल, तर त्यावरची दलाली ती पाच वर्षं तिलाच मिळावी, खेळाडू दुसरीकडे गेला तरीही. सहीचे १० लाख द्यायचेच असतील तर पहिल्या कमाईतून ते आधी वळते करून घ्यावेत. आणि मुदत तीन वर्षांहून लांब ठेवायची असेल तर एक कलम घालावं, की भारताची टोपी मिळाली की नव्वद दिवसांच्या आत अटींवर नव्याने बोलणी होतील आणि जमलं नाही तर दोघेही मोकळे. यात कंपनीचा एकही रुपया बुडत नाही. जातं ते फक्त न घातलेल्या रुपयावरचं व्याज.

बोलणीला बसलेल्या पालकाने एवढं करून पाहावं. कंपनीकडून एकाच मुलासाठी दोन लेखी आकडे मागावेत, एक आठ वर्षांचा आणि एक तीन वर्षांचा, बाकी अटी अक्षरशः त्याच. तिसऱ्या वर्षानंतरची पाच वर्षं कंपनीच्या लेखी केवढ्याची आहेत, ते दोन आकड्यांतल्या फरकावरून कळतं. आणि तीन वर्षांचा आकडा द्यायलाच ती तयार नसेल, तर तेही कळतं.